कामगार संघटनेशी झालेल्या समझोत्याचं टिपण: पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

वाटाघाटी संपतात त्या क्षणी खोलीतल्या प्रत्येकाला सगळं लख्ख आठवत असतं. भत्ता कितीवरून कितीवर नेला, कुणासाठी नेला, कुठल्या वाक्यावर दोन तास अडलं होतं, हे कुणी कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नेमकं म्हणूनच तेव्हा लिहिलेलं टिपण अपुरं राहतं. लिहिणारा आपल्या आठवणीच्या भरवशावर वाक्यं आखूड करतो. पण सहा महिन्यांनी ती वाक्यं वाचणारी माणसं वेगळी असतात: पगारपत्रक तयार करणारी कारकून, नवा पाळीप्रमुख, निवडणुकीनंतर आलेला संघटनेचा नवा सरचिटणीस. ही माणसं त्या खोलीत नव्हती. टिपण त्यांच्यासाठी लिहायचं असतं.

मी हे काम बरीच वर्षं करतो आहे, आणि ज्या समझोत्यांवर पुढे वाद झाले त्यांतल्या बहुतेकांत कुणाची नियत वाईट नव्हती. वाक्याचे दोन अर्थ निघत होते आणि प्रत्येक बाजूनं आपल्या सोयीचा अर्थ प्रामाणिकपणे धरला होता, एवढंच. म्हणून इथे समझोत्याच्या सगळ्या अंगांची यादी न देता एकच उदाहरण घेतो आणि ते शेवटपर्यंत नेतो. तुम्ही व्यवस्थापनाकडून लिहीत असा की संघटनेकडून, पायऱ्या त्याच आहेत.

उदाहरण असं. तीन पाळ्यांत चालणारा एक कारखाना आहे. रात्रपाळी रात्री १० ते सकाळी ६. आतापर्यंत जो कामगार पूर्ण महिना रात्रपाळी करेल त्यालाच मासिक मूळ वेतनाच्या १० टक्के भत्ता मिळायचा. महिन्यात आठ रात्री केल्या तर काहीच नाही. बोलणी झाली, हस्तांदोलन झालं, आणि घाईत हे टिपण तयार झालं:

> १. रात्रपाळीच्या भत्त्यात ५ टक्के वाढ करण्यात येईल व तो यापुढे प्रत्येक रात्रीनुसार देण्यात येईल. वाढ मागील तारखेपासून लागू राहील. फरक लवकरात लवकर अदा करण्यात येईल.
> २. पाळीत बदल करावयाचा असल्यास कामगारांना पुरेशी पूर्वसूचना देण्यात येईल.
> ३. उपाहारगृहाच्या वेळेबाबतची मागणी तत्त्वतः मान्य.

वाचताना कुठेही खटकत नाही. सह्या करायलाही कुणी कचरणार नाही. आता हेच टिपण दुरुस्त करू.

## खोली सोडण्याआधी: प्रत्येक मुद्द्याची स्थिती

मसुदा लिहायला बसण्याआधी, सगळे समोर असताना, मागणीपत्रातल्या प्रत्येक मुद्द्यापुढे त्याची स्थिती लिहून मोठ्यानं वाचा. स्थिती चारच असू शकतात: मान्य झाला, संघटनेनं मागे घेतला, व्यवस्थापनानं नाकारला आणि संघटनेनं ते नोंदवून घेतलं, किंवा पुढच्या चर्चेसाठी ठेवला. चौथी स्थिती असेल तर पुढची बैठक किती तारखेला आणि कुणाकुणात, हेही तिथेच ठरवून घ्या.

'तत्त्वतः मान्य' ही पाचवी स्थिती मी कधीच लिहीत नाही. संघटनेचा माणूस ते वाचतो तेव्हा त्याला 'मान्य' दिसतं, व्यवस्थापनाला 'तत्त्वतः' दिसतं. आपल्या उदाहरणात विचारल्यावर कळलं की उपाहारगृहाची वेळ वाढवायला कुणाचीच हरकत नव्हती, फक्त खर्च किती येईल ते पाहायचं होतं. म्हणजे मुद्दा मान्य झालेलाच नव्हता. तो चौथ्या स्थितीत गेला आणि वाक्य झालं: 'उपाहारगृहाच्या वेळेचा मुद्दा (मागणी क्र. ७) प्रलंबित आहे. व्यवस्थापन खर्चाचा अंदाज १५ एप्रिलपर्यंत संघटनेला लेखी देईल आणि २२ एप्रिल रोजी त्यावर बैठक होईल. या मुद्द्यावर आज कोणतीही सहमती झालेली नाही.' शेवटचं वाक्य कुणाला कठोर वाटेल. पण ते नसेल तर कामगार उद्यापासून वाढीव वेळेची वाट पाहू लागतात आणि ती मिळाली नाही की शब्द मोडला म्हणतात.

मागे घेतलेल्या मागण्याही लिहायच्याच. त्या कायमच्या मागे घेतल्या, की या समझोत्याच्या मुदतीपुरत्या, हे संघटनेला विचारून घ्या. दोन्हींत मोठा फरक आहे आणि नंतर तो कुणालाच आठवत नाही.

## कुणी, कुणाच्या वतीनं

मथळ्याखालचा परिच्छेद लोक यांत्रिकपणे लिहितात. त्यात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: दोन्ही बाजूंची पूर्ण नावं, सही करणाऱ्यांची पदं, आणि त्या पदाला हा समझोता करण्याचा अधिकार कुठून आला. संघटनेकडून कार्यकारिणीचा ठराव असेल तर त्याची तारीख. सर्वसाधारण सभेची मान्यता लागणार असेल तर 'सभेनं मान्यता दिल्यानंतरच हा समझोता अमलात येईल. ३० मार्चपर्यंत मान्यता न मिळाल्यास तो रद्द समजला जाईल' असं स्पष्ट. व्यवस्थापनाकडूनही हाच प्रश्न आहे. संचालक मंडळाची मंजुरी बाकी असताना मनुष्यबळ प्रमुखानं सही केली आणि मंडळानं नंतर मान हलवली नाही, तर ते टिपण दोन्ही बाजूंची अब्रू घालवतं.

समझोता फक्त संघटनेच्या सभासदांना लागू आहे की त्या आस्थापनेतल्या सगळ्यांना, हे तुमच्या ठिकाणच्या कायद्यावर अवलंबून असतं. काही ठिकाणी ठरावीक नमुन्यात लिहून सरकारी कार्यालयात नोंद करावी लागते, आणि तसं न केल्यास बंधनकारकपणावरच परिणाम होतो. नमुना काय, नोंद कुठे, मुदत किती, हे मसुदा लिहिण्याआधी विचारून घ्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९५१ ची सामूहिक करारांविषयीची शिफारस (क्रमांक ९१) मात्र सगळीकडे उपयोगी पडते. लेखी करार, तो कुणावर बंधनकारक, अर्थाबद्दल वाद झाला तर ठरलेली कार्यपद्धती, हा सांगाडा तीत आहे. वैयक्तिक नेमणूकपत्रातली अट कामगाराला करारापेक्षा अधिक फायद्याची असेल तर ती कराराविरुद्ध समजू नये, हेही तीत आहे. हे शेवटचं तुमच्या टिपणातही एका वाक्यात घ्या. नाहीतर समझोत्यानंतर एखाद्याला आधीपासून मिळत असलेलं जास्तीचं काही कापलं जातं आणि त्याचा दोष संघटनेवर येतो.

## 'करण्यात येईल' काढून टाका

आपल्या कार्यालयीन मराठीची ही जुनी खोड आहे. देण्यात येईल, कळविण्यात येईल, विचार करण्यात येईल. या वाक्यांना कर्ता नसतो. काम झालं नाही तर कुणाला विचारायचं ते वाक्यातून कळत नाही. मसुद्यातलं प्रत्येक 'येईल' शोधा आणि 'कोण?' असं विचारा. 'पूर्वसूचना देण्यात येईल' याचं 'पाळीप्रमुख लेखी कळवेल' झालं की निम्मा वाद तिथेच मिटतो, कारण पाळीप्रमुखालाही आता माहीत असतं की हे काम आपलं आहे.

त्याच बैठकीत बोली भाषेतले कालावधीही तपासा. आपण 'आठ दिवसांत' म्हणतो तेव्हा मनात आठवडा असतो, 'पंधरा दिवसांत' म्हणतो तेव्हा पंधरवडा. बोलताना चालतं, टिपणात तारीख लिहायची. '३१ मार्चपर्यंत' मध्ये ३१ मार्च धरला आहे का, हेही एकदा व्याख्येत लिहून टाका. 'सुट्टी' आणि 'रजा' हे शब्द आलटून पालटून वापरू नका. एकात कारखान्यानं दिलेला मोकळा दिवस असतो, दुसरीत कामगाराच्या खात्यातून वजा होणारा. आणि 'सध्याची पद्धत चालू राहील' असं लिहावंसं वाटलं तर थांबा आणि ती पद्धत काय आहे ते दोन्ही बाजूंना वेगवेगळं विचारा. दोन वेगळी उत्तरं मिळण्याची शक्यता भरपूर असते.

## एका वाक्यातून निघणाऱ्या चार रकमा

आता पहिलं कलम. 'भत्त्यात ५ टक्के वाढ' म्हणजे काय? भत्ता आधी मूळ वेतनाच्या १० टक्के आहे. तो ५ टक्क्यांनी वाढला म्हणजे १० चे १०.५ टक्के झाले, की १० अधिक ५ असे १५ टक्के झाले? व्याकरणानं दोन्ही बरोबर. संघटना १५ म्हणणार, हिशेब विभाग १०.५ लावणार.

दुसरी फट 'प्रत्येक रात्रीनुसार' यात आहे. मासिक मूळ वेतनावरून एका दिवसाचं वेतन काढायला कशानं भागायचं? ३० नं, की महिन्यातल्या कामाच्या दिवसांनी? इथे कामाचे दिवस २५ धरू.

ज्याचं मासिक मूळ वेतन २०,००० आहे आणि ज्यानं महिन्यात ८ रात्रपाळ्या केल्या, त्याचा हिशेब मांडून पाहा. १०.५ टक्के आणि भागाकार ३० नं: एका रात्रीचे ७०, आठ रात्रींचे ५६०. तोच दर, भागाकार २५ नं: एका रात्रीचे ८४, एकूण ६७२. १५ टक्के आणि ३०: रात्रीचे १००, एकूण ८००. १५ टक्के आणि २५: रात्रीचे १२०, एकूण ९६०. एकाच वाक्यातून ५६० ते ९६० पर्यंत चार आकडे निघाले, आणि चारांपैकी प्रत्येक आकडा कुणीतरी मनापासून बरोबर मानेल.

इथे नवीन लिहिणाऱ्यांकडून एक चूक हमखास होते. फट दिसली की ते स्वतःच ती भरतात. 'अर्थात २५ नंच भागायचं असणार' असं धरून लिहून टाकतात. तो अधिकार तुमचा नाही. फट सापडली की प्रश्न तसाच दोन्ही बाजूंसमोर न्या, चारही आकडे दाखवा, आणि उत्तर त्यांच्या तोंडून घ्या. कधीकधी इथेच कळतं की सहमती झालीच नव्हती आणि अर्धा दिवस पुन्हा बसावं लागतं. तो अर्धा दिवस बसा. आपल्या उदाहरणात दोन्ही बाजू १५ टक्के आणि २५ यावर आल्या.

मासिक भत्त्यावरून रात्रीच्या भत्त्यावर जाताना आणखी एक गोष्ट लपलेली असते, ती मला स्वतःला खूप उशिरा दिसली. जुन्या पद्धतीत पूर्ण महिना रात्रपाळीवर असलेल्या माणसानं मंजूर रजा घेतली तरी त्याचा भत्ता कापला जात नव्हता असं समजा. त्यानं १६ रात्री काम केलं आणि बाकी दिवस रजेवर होता. जुन्या हिशेबानं त्याला २,००० मिळाले असते. नव्या हिशेबानं १६ गुणिले १२०, म्हणजे १,९२०. वाढीचा समझोता झाला आणि या माणसाचे ८० कमी झाले. असा माणूस एकच निघतो, पण तक्रार त्याचीच येते आणि संपूर्ण समझोता फसवा होता अशी कुजबुज त्यातून सुरू होते. म्हणून दर बदलताना नेहमी विचारायचं: या बदलानं कुणाचं कमी होतंय का? होत असेल तर त्याचं काय करायचं ते लिहा.

## तीन वेगळ्या तारखा

'मागील तारखेपासून' हे दोन शब्द तीन तारखांचं काम करू पाहतात आणि एकही करत नाहीत. सही कधी झाली, दर कधीपासून लागू, पैसे कधी हातात पडणार, या तिन्ही तारखा वेगळ्या लिहा. इथे सही १८ मार्च, लागू १ जानेवारीपासून, फरक ३० एप्रिलपर्यंत.

रात्रपाळीला तारखेचा वेगळाच त्रास असतो, कारण ती मध्यरात्र ओलांडते. ३१ डिसेंबरला रात्री १० वाजता सुरू झालेली पाळी १ जानेवारीला सकाळी ६ वाजता संपते. ती जुन्या दरानं की नव्या? सोपा नियम असा की पाळी ज्या तारखेला सुरू झाली त्या तारखेची धरायची, आणि तो नियम कलमात लिहायचा.

'फरक' या शब्दाचीही व्याख्या हवी. नव्या दरानं जी रक्कम होते त्यातून आधी दिलेली वजा करायची. पूर्ण महिन्यात २५ रात्री केलेल्याचे नव्या दरानं ३,००० होतात, त्याला २,००० आधीच मिळाले आहेत, फरक १,०००. आठ रात्री केलेल्याला आधी काहीच मिळालं नव्हतं, त्याचा फरक पूर्ण ९६०. आणि वरच्या १६ रात्रींवाल्याचा फरक उणे ८० येतो. त्याच्याकडून वसुली करायची नाही, हे लिहिलं नाही तर संगणकातली पगारप्रणाली ती आपोआप करेल.

राहिला प्रश्न माणसांचा. जानेवारीत रात्रपाळी केली आणि फेब्रुवारीत निवृत्त झाला, त्याला फरक मिळेल का? राजीनामा दिलेल्याला? या काळात कुणाचा मृत्यू झाला असेल तर वारसाला? बैठकीत या माणसांची बाजू मांडायला कुणी नसतं, म्हणून लिहिणाऱ्यानं त्यांची आठवण ठेवायची. तसंच 'सर्व कामगार' म्हणजे कोण: कायम, परिविक्षाधीन, शिकाऊ, कंत्राटदारामार्फत आलेले? यातले जे आहेत ते नावानं लिहा, जे नाहीत तेही लिहा.

हे सगळं धरून पहिलं कलम असं झालं:

> १.१ 'रात्रपाळी' म्हणजे रात्री १० वाजता सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता संपणारी पाळी. पाळी ज्या तारखेला सुरू होते त्या तारखेची समजली जाईल. पाळीत ४ तास किंवा त्याहून अधिक काम केलेले असल्यास ती पूर्ण धरली जाईल. ४ तासांपेक्षा कमी काम असल्यास भत्ता देय नाही.
>
> १.२ १ जानेवारी रोजी किंवा त्यानंतर सुरू झालेल्या प्रत्येक रात्रपाळीसाठी कंपनी कामगाराला त्याच्या एका दिवसाच्या मूळ वेतनाच्या १५ टक्के भत्ता देईल. एका दिवसाचे मूळ वेतन म्हणजे त्या तारखेला लागू असलेले मासिक मूळ वेतन भागिले २५. पूर्वीचा १० टक्के मासिक भत्ता १ जानेवारीपासून बंद होईल.
>
> १.३ हे कलम कायम व परिविक्षाधीन कामगारांना लागू आहे. शिकाऊ उमेदवारांना व कंत्राटदाराच्या कामगारांना ते लागू नाही.
>
> १.४ १ जानेवारी ते ३१ मार्च या तारखांच्या (दोन्ही तारखा धरून) रात्रपाळ्यांचा फरक कंपनी ३० एप्रिल रोजी किंवा त्यापूर्वी देईल आणि पगारचिठ्ठीत स्वतंत्र ओळीत दाखवेल. फरक म्हणजे त्या महिन्याची कलम १.२ प्रमाणे देय रक्कम वजा त्याच महिन्यासाठी आधी दिलेला रात्रपाळी भत्ता. फरक उणे आल्यास वसुली केली जाणार नाही.
>
> १.५ १ जानेवारीनंतर निवृत्त झालेल्या, राजीनामा दिलेल्या किंवा मृत्यू पावलेल्या कामगारांच्या रात्रपाळ्यांनाही कलम १.४ लागू आहे. मृत कामगाराचा फरक त्याने नामनिर्देशित केलेल्या व्यक्तीला दिला जाईल.

पहिल्या मसुद्यातल्या तीन वाक्यांच्या जागी पाच उपकलमं आली. लांबी वाढली म्हणून कुणी कुरकुर केली तर त्यांना चार आकड्यांचा हिशेब पुन्हा दाखवा.

## पूर्वसूचना, आणि ती दिली नाही तर

दुसऱ्या कलमातला 'पुरेशी' हा शब्द काढणं सोपं आहे. ४८ तास ठरले, लिहिले. खरं काम त्यापुढे सुरू होतं. ४८ तासांत साप्ताहिक सुट्टी धरायची का? सूचना फलकावर लावली म्हणजे दिली, की कामगारापर्यंत पोहोचल्यावर दिली? आणि अपवाद कोणते?

अपवादांवर जास्त वेळ घालवा, कारण कलम मरतं ते अपवादानं. व्यवस्थापनानं सुचवलं होतं, 'आकस्मिक परिस्थितीत पूर्वसूचनेची गरज नाही.' आकस्मिक काय, हे पाळीप्रमुख ठरवणार, आणि एखादा कामगार गैरहजर राहिला की तीही आकस्मिक परिस्थितीच. गैरहजेरी तर दर आठवड्याला असते, म्हणजे अपवाद रोजचा झाला आणि नियम कागदावर राहिला. दुसऱ्या बाजूला, गैरहजेरी अपवादात अजिबात घेतली नाही तर चालू यंत्रावर माणूसच नाही अशी वेळ येते, हेही खरं. दोन्ही बाजूंनी तोड काढली ती अशी: आग, अपघात आणि वीजपुरवठा बंद पडणं हे तीनच अपवाद, गैरहजेरीमुळे ऐनवेळी पाळी बदलता येईल, पण त्याची किंमत द्यावी लागेल.

ही किंमत कलमाला दात देते. पूर्वसूचना दिली नाही तर काय होईल हे लिहिलं नसेल तर कलम ही नुसती इच्छा असते, आणि प्रत्येक उल्लंघनाची तक्रार करावी लागते. परिणाम लिहिलेला असेल तर पगारातच प्रश्न सुटतो.

> २.१ कामगाराची पाळी बदलायची असल्यास पाळीप्रमुख नव्या पाळीच्या सुरुवातीच्या किमान ४८ तास आधी त्याला लेखी कळवेल. ४८ तास घड्याळाप्रमाणे मोजले जातील. साप्ताहिक सुट्टीचे तास त्यात धरले जातील. कामगाराची पोच किंवा त्याच्या नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावर संदेश पोहोचल्याची वेळ, यांपैकी जी आधीची ती सूचनेची वेळ समजली जाईल.
>
> २.२ आग, अपघात किंवा वीजपुरवठा बंद पडणे या तीन कारणांनी केलेल्या बदलाला कलम २.१ व २.३ लागू नाहीत. पाळीप्रमुख कारणाची नोंद त्याच दिवशी पाळीच्या नोंदवहीत करेल.
>
> २.३ इतर कोणत्याही कारणाने ४८ तासांपेक्षा कमी सूचना देऊन पाळी बदलल्यास कंपनी कामगाराला त्या पहिल्या पाळीसाठी एका दिवसाच्या मूळ वेतनाची निम्मी रक्कम जादा देईल.

'त्या पहिल्या पाळीसाठी' हे शब्द हिशेब विभागानं मागून घेतले. ते नसते तर पूर्ण आठवड्याची पाळी बदलल्यावर निम्मी रक्कम एकदा द्यायची की सहा वेळा, हा नवा वाद तयारच होता.

## मुदत आणि अर्थाचा वाद

मुदत लिहिताना सुरुवात आणि शेवट, दोन्ही तारखा लिहा. 'तीन वर्षांसाठी' एवढं पुरत नाही. मुदत संपल्यावर नवा समझोता होईपर्यंत याच अटी चालू राहतील का, हे त्याच वाक्याला जोडून लिहा. मुदतीत याच विषयांवर नवी मागणी करता येईल का, हेही लिहा. 'याच विषयांवर' म्हणजे फक्त रात्रपाळी भत्ता आणि पाळीबदल. 'कोणतीही आर्थिक मागणी' असं लिहिलं तर संघटना नकळत बऱ्याच गोष्टी सोडून देते, आणि पुढे ते लक्षात आलं की समझोताच झुगारून द्यावासा वाटतो.

इतकं करूनही एखादं वाक्य वादात सापडणारच. त्यासाठी छोटं कलम पुरतं: अर्थाबद्दल वाद असल्यास कोणतीही बाजू दुसरीला लेखी कळवेल, दोन्हीकडचे दोन-दोन प्रतिनिधी १० कामाच्या दिवसांत बसतील, निर्णय लेखी होईल आणि समझोत्याला जोडला जाईल, तोडगा न निघाल्यास कायद्यानं उपलब्ध मार्ग दोन्ही बाजूंना खुले राहतील. आणि वाद चालू असताना काय चालू राहील तेही लिहा. वादात नसलेली रक्कम वेळेवर मिळत राहिली तर बोलणी शांतपणे होतात.

टिपण दोन भाषांत करणार असाल तर कुठला मजकूर अंतिम, हे लिहा. शक्य असेल तर ज्या भाषेत वाटाघाटी झाल्या तीच भाषा अंतिम ठेवा.

## सहीआधी कारकुनाकडे

सहीच्या आदल्या दिवशी मसुदा पगारपत्रक करणाऱ्या कारकुनाला द्या, जी वाटाघाटींत नव्हती. तोंडी काहीही समजावू नका. तीन काल्पनिक कामगार द्या: एक पूर्ण महिना रात्रपाळीवाला, एक आठ रात्रींवाला, एक १६ रात्री आणि बाकी रजेवाला. तिघांचा जानेवारीचा फरक काढायला सांगा. १,०००, ९६० आणि शून्य ही उत्तरं आली तर कलम चालतं. ती जिथे थांबून प्रश्न विचारेल तिथे मसुद्यात भोक आहे. पाळीच्या तारखेचा नियम आणि 'दोन्ही तारखा धरून' हे शब्द अशाच प्रश्नांतून आलेले आहेत. तिनं मांडलेला हिशेब परिशिष्ट म्हणून जोडा आणि लिहा: 'परिशिष्टातील उदाहरणे या समझोत्याचा भाग आहेत. कलम व उदाहरण यांत विसंगती आढळल्यास ती कलम ४ प्रमाणे सोडवली जाईल.' इथे कलम ४ म्हणजे वरचं अर्थाच्या वादाचं कलम.

सहीच्या दिवशी संपूर्ण मजकूर मोठ्यानं वाचा, कितीही वेळ लागला तरी. हातानं केलेल्या प्रत्येक खाडाखोडीशेजारी दोन्ही बाजूंची आद्याक्षरं घ्या, प्रत्येक पानावरही घ्या, आणि पानांवर '६ पैकी १' असे क्रमांक टाका. दोन्ही बाजूंकडे एकेक मूळ प्रत, एक कायद्यानं सांगितलेल्या कार्यालयात, आणि एक प्रत कामगारांना वाचता येईल अशा फलकावर. पाळीप्रमुखांना फलकावर सोडून देऊ नका. कलम २ ची प्रत त्यांच्या हातात द्या, कारण ते पाळायचं त्यांना आहे.

नंतर काही बदलायचं ठरलं, अगदी एक तारीख जरी, तरी ते पत्रानं किंवा दूरध्वनीवरच्या बोलण्यानं करू नका. 'पूरक टिपण क्र. १' असं शीर्षक द्या, कुठलं कलम कसं बदललं ते जुना आणि नवा मजकूर शेजारी ठेवून लिहा, त्याच पदांच्या सह्या घ्या, आणि मूळ प्रत जिथे जिथे गेली होती तिथे तिथे तेही पाठवा.